गोषवाऱ्यात हरवलेले काम

शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपल्याकडे म्हणतात आणि ते खरेही आहे. एका पातेल्यातल्या सगळ्या शितांना एकच पाणी आणि एकच आच मिळालेली असते. त्यामुळे एक शीत बोटांनी चेपून पाहिले की बाकीच्यांची स्थिती कळते. परंतु बारा चुलींवर बारा पातेली चढवलेली असतील, तर एका पातेल्यातल्या शितावरून दुसऱ्या पातेल्याविषयी काहीच सांगता येत नाही. आणि बाराही पातेल्यांची मिळून 'सरासरी शिजलेपणा' काढला, तर एका पातेल्यात तांदूळ कच्चेच राहिले आहेत हे त्या आकड्यावरून कुणालाही समजणार नाही. त्या पातेल्याच्या वाट्याला आलेली पंगत मात्र उपाशी उठेल.

एकाच वेळी अनेक कामे चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे हा प्रश्न असतो. कामे दहा असोत, शंभर असोत वा दोन हजार, वर बसलेल्या माणसाला प्रत्येक कामाची वही उघडून पाहणे शक्य नसते. म्हणून खालून वर जाताना कागद कमी कमी होत जातात आणि शेवटी एक पान उरते. आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी त्याला गोषवारा म्हणतो. गोषवारा करू नये असे म्हणणे वेडेपणाचे होईल, कारण त्यावाचून कारभारच चालणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, अनेक कामांची स्थिती एका पानावर आणताना अडचणीत सापडलेले एखादे काम त्या पानाखाली दडपले जाऊ नये यासाठी काय करावे? माझे मत असे की, याचे उत्तर आपल्याच हिशेबशास्त्रात केव्हाचे लिहून ठेवलेले आहे. फक्त आपण ते पैशांना लावतो, कामांना लावत नाही.

आधी एक मोठे उदाहरण घेऊ. केंद्र सरकारचे सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय दीडशे कोटी रुपये किंवा त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांवर देखरेख ठेवते आणि त्यांचा अहवाल प्रसिद्ध करते. मार्च २०२४ च्या अहवालात असे १,८७३ प्रकल्प होते. त्या सर्वांचा मिळून खर्च मूळ अंदाजापेक्षा सुमारे ५ लाख कोटी रुपयांनी, म्हणजे १८.६५ टक्क्यांनी वाढणार असे त्यात दिसत होते. हा एकच आकडा वाचणाऱ्याला वाटेल की, प्रत्येक प्रकल्प थोडाथोडा, शेकडा अठरा-एकोणीस रुपयांनी महाग झाला आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. खर्च वाढल्याची नोंद फक्त ४४९ प्रकल्पांत, म्हणजे चारांतल्या एकापेक्षाही कमी प्रकल्पांत होती. बाकीच्यांत तशी नोंद नव्हती. म्हणजे १८.६५ टक्के हा आकडा गणिताने बिनचूक असूनही त्या हजारो प्रकल्पांपैकी बहुतेकांचे वर्णन करीत नव्हता. ज्यांचे ठीक चालले होते त्यांच्यापेक्षा तो वाईट होता आणि ज्यांचे बिघडले होते त्यांच्यापैकी अनेकांपेक्षा तो फारच बरा होता.

त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मूळ ठरलेल्या तारखेशी तुलना केली, तर ७७९ प्रकल्प उशिराने चालले होते. परंतु सर्वांत अलीकडे ठरवलेल्या तारखेशी तुलना केली की हीच संख्या ५६७ वर येत होती. मधले २१२ प्रकल्प कुठे गेले? ते जागच्या जागीच होते. त्यांची तारीख तेवढी पुढे सरकली होती. तारीख पुढे नेणे हा गुन्हा नव्हे. जमीन मिळाली नाही, वनखात्याची परवानगी आली नाही, तर नवी तारीख ठरवावीच लागते. परंतु नवी तारीख लिहिताना जुनी पुसून टाकली, तर आजारी कामाला एका रात्रीत निरोगी ठरवता येते. मंत्रालयाने त्या अहवालात दोन्ही संख्या दिल्या आणि प्रकल्पांच्या नावांच्या याद्याही जोडल्या ही त्यातली चांगली गोष्ट. आपल्याकडच्या लहानसहान संस्थांच्या गोषवाऱ्यात मात्र नवी तारीख तेवढी उरते.

आता एक लहान उदाहरण सांगतो. ते मी कागदोपत्री जवळून पाहिले आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या भागातील एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत हिशेब तपासनिसांसाठी आदल्या वर्षाचे कागद लावून देण्याचे काम मला मिळाले होते. त्या वर्षी संस्थेची बारा बांधकामे एकाच वेळी चालू होती. वर्गखोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालयाचे छप्पर, कुंपणाची भिंत आणि मुलींचे वसतिगृह अशी ती कामे होती. एकूण अंदाजपत्रक ८ कोटींचे होते. फेब्रुवारीअखेर प्रत्येक काम ९० टक्के व्हावे असे ठरले होते. फेब्रुवारीच्या गोषवाऱ्यात समितीपुढे गेलेला आकडा होता ८८.९ टक्के, आणि शेरा होता, 'एकंदर प्रगती समाधानकारक.'

हा आकडा खोटा नव्हता. मी तो पुन्हा मांडून पाहिला. अकरा कामांचे अंदाजपत्रक ७ कोटी ७० लाख होते आणि त्यांपैकी ७ कोटी ८ लाख ४० हजारांचे काम, म्हणजे ९२ टक्के, झाले होते. बारावे काम ३० लाखांचे होते व त्यापैकी ३ लाखांचेच, म्हणजे १० टक्के, झाले होते. दोन्हींची बेरीज ७ कोटी ११ लाख ४० हजार होते. तिला ८ कोटींनी भागले की ८८.९ टक्के येतात. नियोजन ७ कोटी २० लाखांचे असल्याने तूट अवघी ८ लाख ६० हजारांची दिसते. समितीच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी 'समाधानकारक' असेच म्हटले असते.

पण ती तूट आली कशी ते पाहा. बारावे काम २४ लाखांनी मागे होते. बाकीची अकरा मिळून १५ लाख ४० हजारांनी पुढे होती. गोषवारा लिहिणाऱ्याने या दोन्हींची वजाबाकी केली. आता विचार करा, ग्रंथालयाचे छप्पर ठरल्यापेक्षा लवकर झाले म्हणून वसतिगृहाच्या नळाला पाणी येते काय? कारण ते बारावे काम म्हणजे वसतिगृहाचा पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची व्यवस्था होते. वसतिगृहाची इमारत २ कोटी १० लाखांची होती आणि ती जवळजवळ पुरी झाली होती. तिला रंग लागत होता. पण पाण्यावाचून आणि सांडपाण्याच्या टाकीवाचून साठ मुलींना तेथे राहायला ठेवणे शक्यच नव्हते.

दुसरेही एक गणित सांगतो. ३० लाख म्हणजे ८ कोटींचे पावणेचार टक्के. हे काम मुळात सुरूच झाले नसते, तरी एकूण आकडा ८८.९ वरून ८८.५५ वर आला असता. म्हणजे हा एकच आकडा त्या कामाची बातमी देण्यास मुळातच असमर्थ होता. ताप मोजायला वजनकाटा वापरावा तसा तो प्रकार होता. खर्चाच्या प्रमाणात वजन दिले की स्वस्त काम आपोआप अदृश्य होते. परंतु कामाची किंमत आणि त्यावाचून अडणाऱ्या गोष्टींची किंमत या दोन वेगळ्या असतात. या ठिकाणी ३० लाखांच्या कामाने २ कोटी १० लाखांची इमारत अडवून धरली होती.

ही माहिती कुणाला नव्हती असेही नाही. त्या जागेवरच्या देखरेख करणाऱ्या मिस्त्रींनी जानेवारीतच वहीत स्वच्छ लिहिले होते की, टाकीच्या खड्ड्यात कातळ लागला आहे, ठेकेदार जादा दर मागतो, दराचा निर्णय होईपर्यंत काम बंद. अभियंत्यांच्या पाक्षिक तक्त्यात याचे झाले, 'कातळामुळे काम संथ.' कचेरीच्या मासिक पत्रकात झाले, 'एक काम थोडे मागे.' आणि समितीच्या पानावर झाले, 'समाधानकारक.' चार कागद एकाखाली एक लावले, तेव्हा मला हा प्रवास दिसला. यात कुणीही धडधडीत खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने आपल्या वरच्या माणसासाठी मजकूर थोडा आटोपशीर केला आणि थोडा सौम्य केला, इतकेच. पण 'बंद' या शब्दाचा 'संथ' झाला तिथेच बातमी मेली. बंद कामाला निर्णय लागतो, संथ कामाला फक्त धीर लागतो.

निर्णय सुमारे चार लाखांच्या जादा दराचा होता आणि तो समितीच घेऊ शकत होती. मार्चमध्ये घेतला असता तर खोदकाम व टाकी पावसाआधी झाली असती, कारण त्याला आठ आठवडे पुरतात. समितीला ही गोष्ट मेच्या अखेरीस, प्रत्यक्ष पाहणीला गेल्यावर कळली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि खड्डा पाण्याने भरला. वसतिगृह उघडले ते दिवाळीनंतर. तोपर्यंत खानापूरकडच्या खेड्यांतल्या मुलींनी रोज पहाटेची बस धरली. माझी मावसबहीण त्यांच्यात होती. काही मुलींच्या घरच्यांनी पहिल्याच महिन्यात त्यांना परत नेले, आणि वसतिगृह उघडले तेव्हा त्यांतल्या सगळ्याच परत आल्या नाहीत.

आता हिशेबशास्त्राकडे वळू. पहिल्या वर्षाला आपण शिकतो की, तेरीज जुळली म्हणजे पुस्तके बरोबर आहेत असे नव्हे. एका खात्यात शंभर रुपये जास्त आणि दुसऱ्या खात्यात तितकेच कमी लिहिले गेले, तर दोन्ही चुका एकमेकींना झाकतात आणि बेरीज सुरेख जुळते. ताळेबंदातही आपण एका ग्राहकाकडून येणे असलेली रक्कम दुसऱ्याला देणे असलेल्या रकमेतून मनाला येईल तशी वजा करीत नाही, कारण बुडणारा ग्राहक त्या वजाबाकीत लपतो.

याहून नेमका नियम बांधकाम कंत्राटांविषयीच्या अकाउंटिंग स्टँडर्ड ७ मध्ये आहे. एखाद्या कंत्राटाचा एकूण खर्च त्याच्या एकूण उत्पन्नापेक्षा जास्त होण्याची शक्यता दिसू लागली, की तो अपेक्षित तोटा ताबडतोब खर्ची टाकला पाहिजे. काम सुरू झाले आहे की नाही, ते किती पुरे झाले आहे, आणि दुसऱ्या कंत्राटांत किती नफा होणार आहे, यांपैकी कशाचाही त्या रकमेवर परिणाम होऊ द्यायचा नाही. या शेवटच्या अटीकडे लक्ष द्या. अकरा कंत्राटांतला नफा बाराव्याच्या तोट्यावर पांघरूण म्हणून घालता येत नाही. इंड-एएस लागू असलेल्या मोठ्या कंपन्यांनाही तोट्यात जाणाऱ्या कंत्राटासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागते. पैशांच्या बाबतीत आपण इतके सावध आहोत. मग वेळेच्या आणि कामाच्या बाबतीत तीच वजाबाकी आपण बिनदिक्कत का करू देतो?

या नियमाचे कामांच्या गोषवाऱ्यात रूपांतर कसे करायचे? काही लोक सोपा मार्ग सुचवतात. अनेक कचेऱ्यांत कामांना हिरवा, पिवळा व लाल असे रंग देतात. एक जरी काम लाल असेल तर सबंध पान लाल करावे, असे हे लोक म्हणतात. सरासरीपेक्षा हे नक्कीच बरे. पण चाळीस कामे चालू असली की त्यांतले एखादे नेहमीच लाल असते. मग पान कायमचे लाल राहते आणि सहा महिन्यांत त्या लालीची सवय होते. रोज वाजणाऱ्या घंटेने कुणी दचकत नाही. म्हणून सरासरी नको आणि सर्वांत वाईट रंगही नको. संख्या द्यावी आणि नाव द्यावे.

फेब्रुवारीचा तोच गोषवारा या पद्धतीने लिहिला असता तर असा दिसला असता. पहिल्या ओळीत, 'कामे १२. वेळेवर ९, थोडी मागे २, बंद १, माहिती न आलेली ०.' त्याखाली, 'बंद काम: वसतिगृह, पाणी व सांडपाणी. ३० लाखांपैकी ३ लाखांचे झाले. जानेवारीपासून बंद. कारण: खड्ड्यात कातळ, ठेकेदाराची जादा दराची मागणी, सुमारे ४ लाख. निर्णय: समितीने, ३१ मार्चच्या आत. न झाल्यास: पावसाआधी टाकी होणार नाही, वसतिगृह जूनमध्ये उघडणार नाही.' यानंतर खुशाल लिहावे की, सर्व कामे मिळून ८८.९ टक्के झाली आहेत. तो आकडा ठेकेदारांची बिले भागवायला किती पैसे लागतील हे सांगण्यास उपयोगी आहेच. एवढा मजकूर अर्ध्या पानात मावतो. वेळ नसलेल्या अध्यक्षांनाही तो वाचायला मिनिटापेक्षा अधिक लागणार नाही.

यातल्या प्रत्येक शब्दाला कारण आहे. काम नावानिशी आले, म्हणजे 'एक काम' असा मोघम उल्लेख राहिला नाही. निर्णय कुणी आणि केव्हापर्यंत घ्यायचा ते आले. आणि न घेतल्यास काय होईल ते पैशांत न सांगता परिणामाच्या भाषेत आले. 'माहिती न आलेली' हा रकाना शून्य असला तरी ठेवला पाहिजे. कारण ज्या कामाचा कागद आला नाही ते ठीकच असेल असे धरून चालण्याची आपल्याला सवय आहे. अनुभव उलटा असतो. सांगण्यासारखे काही असते तेव्हा कागद वेळेवर येतो.

यावर आमच्या वर्गातल्या एका मित्राने रास्त शंका काढली. दोनशे कामे असतील आणि त्यांतली वीस अडचणीत असतील, तर वीस परिच्छेद वर पाठवायचे काय? माझे उत्तर असे की, अडचण ज्या पातळीवर सुटू शकते तेथेच तिचा परिच्छेद थांबावा आणि त्याच्या वर फक्त तिची संख्या जावी. सिमेंट उशिरा आले तर अभियंता ते सोडवील. समितीला त्याची गोष्ट नको. परंतु जेथे खालच्या माणसाच्या अधिकाराबाहेरचा निर्णय लागतो, किंवा जेथे एका कामामुळे दुसरे काम अडते, तेथे ती ओळ मूळ शब्दांत, एकही शब्द सौम्य न करता, निर्णय घेणाऱ्यापर्यंत गेली पाहिजे. मधल्या माणसांनी खाली आपले मत अवश्य लिहावे. मिस्त्रींचे वाक्य मात्र बदलू नये. वीस अडचणींपैकी अशा फार तर तीन-चार निघतील, आणि त्या निर्णयाच्या तारखेप्रमाणे लावल्या की पहिली कोणती वाचायची हेही ठरते.

या दृष्टीने आपल्या दोन भाषांतला एक शब्द मला बोलका वाटतो. कन्नडमध्ये 'वरदि' म्हणजे अहवाल. मराठीत आपण 'वर्दी' देतो ती आग लागली, अपघात झाला, की संबंधित ठिकाणी ताबडतोब. मराठी कचेऱ्यांतला अहवाल सगळ्यांविषयी थोडेथोडे सांगतो. वर्दी एकाच गोष्टीविषयी सांगते, पण वेळेवर सांगते. चांगल्या गोषवाऱ्यात दोन्ही अर्थ एकत्र नांदले पाहिजेत. वरच्या ओळीत अहवाल, आणि त्याच पानावर खाली वर्दी.

अर्थात नमुना बदलून सगळे सुटत नाही, हेही मान्य केले पाहिजे. खालच्या माणसाने लाल रंग दिलाच नाही, तर कोणताही तक्ता तो निर्माण करू शकत नाही. अमेरिकेतील फोर्ड मोटार कंपनीचा प्रसंग या बाबतीत प्रसिद्ध आहे. २००६ साली ॲलन मुलाली तेथे प्रमुख म्हणून आले. कंपनी त्या वर्षी अब्जावधी डॉलरांच्या तोट्यात होती. तरी त्यांच्या साप्ताहिक बैठकीत प्रत्येक विभागप्रमुखाचे तक्ते हिरवेगार होते. अखेर मार्क फील्ड्स या अधिकाऱ्याने नव्या 'एज' गाडीच्या कामापुढे लाल रंग दाखवला. मागच्या दारात दोष निघाला होता आणि गाडी बाजारात आणणे थांबवावे लागणार होते. आता याची नोकरी गेली असे सर्वांना वाटले. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि याला मदत कोण करील असे विचारले. त्यानंतरच्या आठवड्यांत इतरांच्या तक्त्यांवरही खरे रंग दिसू लागले. बाहेरून हिरव्या आणि आतून लाल अशा तक्त्यांना तिकडे कलिंगड म्हणतात. ते कापून पाहणे वरच्या माणसाच्या हातात असते, आणि लाल दाखवणाऱ्याला तो पहिल्या दिवशी कसे वागवतो यावर पुढचे सारे अवलंबून असते.

कागद हाती आल्यावर असे कलिंगड ओळखावे कसे? एकच महिना पाहून ते कळत नाही. तीन-चार महिन्यांचे गोषवारे शेजारी शेजारी ठेवावे लागतात. पुरे होण्याची तारीख दर महिन्याला एकेका महिन्याने पुढे सरकत असेल, तर ते काम चालत नाही, नुसती तारीख चालते आहे. एखादे काम झपाट्याने ९० टक्क्यांवर आले आणि तेथेच महिनेच्या महिने थांबले, तर सोपा भाग संपला आणि अवघड भाग कुणी धरलेलाच नाही असे समजावे. म्हणून मूळ तारीख व चालू तारीख असे दोन रकाने शेवटपर्यंत ठेवावेत. मी लावलेल्या कागदांत वसतिगृहाच्या पाण्याची तारीख डिसेंबरपासून तीनदा बदललेली होती. पण प्रत्येक पानावर फक्त शेवटची तारीख असल्याने ते कुणालाही एका नजरेत दिसणे शक्य नव्हते.

आपल्यापैकी पुष्कळजण पुढे बँकांत, सहकारी संस्थांत, तपासनिसांच्या कचेऱ्यांत जातील आणि पहिली काही वर्षे दुसऱ्यांसाठी गोषवारे करण्यातच घालवतील. तेव्हा माझी सूचना अगदी लहान आहे. 'एकंदर प्रगती समाधानकारक' हे वाक्य कुणी लिहायला सांगितले, तर त्याखाली आणखी एक ओळ कायमची छापून ठेवावी: 'या बेरजेत न दिसणारे काम कोणते?' ती ओळ कोरी सोडायची असेल, तर कोरी सोडणाऱ्याने तेथे सही करावी.

(बी. कॉम., दुसरे वर्ष)